व्हेरिएबल वेतनाचा जुना हिशेब रिक्रूटरकडे मागताना

विक्रीच्या नोकरीचा ऑफर आकडा ऐकून मी यापूर्वी एकदा चुकीचा निर्णय घेतला होता. त्या ठिकाणी पगाराचा एक तृतीयांश भाग व्हेरिएबल, म्हणजे विक्रीचे टार्गेट किती पूर्ण झाले त्यावर मिळणारा, होता, मुलाखतीत 'तो सगळ्यांनाच मिळतो' असे सांगण्यात आले होते, आणि पहिल्या वर्षाच्या चार तिमाह्यांपैकी दोन तिमाह्यांत मला त्यातले काहीच मिळाले नाही. माझ्याबरोबरच्या बहुतेकांची स्थिती तीच होती, हे मला रुजू झाल्यावर कळले. आधी विचारले असते तर आधी कळले असते. म्हणून या वर्षी नोकरी बदलताना मी ठरवले, की व्हेरिएबल किती आहे एवढ्यावर न थांबता तो प्रत्यक्षात किती जणांना, किती आणि केव्हा मिळाला हे समजल्याशिवाय सही करायची नाही. या चौकशीला पहिल्या फोनपासून दुरुस्त ऑफर लेटरपर्यंत ३१ दिवस लागले. तो सगळा प्रवास क्रमाने लिहिते आहे. रकमा देत नाही. नव्या नोकरीचे कागदावरचे पूर्ण वार्षिक वेतन १०० भाग धरून सगळे आकडे सांगते, म्हणजे कोणालाही ते आपल्या पगाराला लावून पाहता येतील.

३ फेब्रुवारीला एका भरती एजन्सीतून फोन आला. १०० भागांपैकी ६० भाग निश्चित पगार आणि ४० भाग व्हेरिएबल, दर तिमाहीला १० भाग, अशी रचना त्यांनी सांगितली. माझा तेव्हाचा निश्चित पगार याच मापाने ६८ भाग होता आणि व्हेरिएबलचे १२ भाग प्रत्यक्ष हाती येत होते, म्हणजे एकूण ८०. त्यामुळे १०० हा आकडा मोठा वाटत असला, तरी निश्चित पगार ८ भागांनी कमी होणार होता आणि ती तूट भरून काढण्याची सगळी जबाबदारी व्हेरिएबलवर येणार होती. मी विचारले, की गेल्या वर्षी या पदावरच्या माणसांना व्हेरिएबल किती मिळाला. पलीकडून लगेच उत्तर आले, "मॅडम, शंभर टक्के मिळतोच, त्याची काळजी नको."

एजन्सीच्या माणसाकडे ही माहिती बहुधा नसतेच. उमेदवार रुजू झाला की त्यांचे काम संपते आणि पेआउटची, म्हणजे प्रत्यक्ष दिलेल्या व्हेरिएबलची, पत्रके त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी एवढेच म्हटले, की हा प्रश्न मी कंपनीतल्या रिक्रूटरना विचारीन, तेव्हा पहिल्या संभाषणात त्यासाठी दहा मिनिटे राखून ठेवायला त्यांना सांगा. हे सांगून ठेवल्याचा उपयोग झाला, कारण पुढच्या फोनवर माझा प्रश्न अनपेक्षित राहिला नाही.

५ फेब्रुवारीला कंपनीच्या रिक्रूटरशी पाऊण तास बोलणे झाले. कामाचे स्वरूप आणि माझा अनुभव यांवर अर्धा तास गेल्यावर मी विषय काढला. आधीच्या वेळी मी 'टार्गेट गाठता येण्यासारखे आहे का' असे विचारले होते. त्या प्रश्नाला 'हो' याखेरीज दुसरे उत्तर कोणी देत नाही. या वेळी मी असे विचारले: "गेल्या चार तिमाह्यांत नेमक्या याच पदावर किती माणसे होती, त्यांपैकी किती जणांनी टार्गेट पूर्ण केले, आणि मधल्या माणसाला व्हेरिएबलपैकी किती टक्के रक्कम मिळाली?" त्यांनी थोडे थांबून विचारले, "तुम्हाला टार्गेट गाठण्याबद्दल शंका वाटते का?" हा प्रश्न येईल याची मला कल्पना होती, तरीही क्षणभर मला अपराधी वाटले. मी शांतपणे सांगितले, की माझ्या कामाबद्दल शंका नाही, पण ४० भाग ज्या आकड्यावर अवलंबून आहेत तो आकडा कसा ठरतो हे मला माहीत नाही, आणि तो वास्तवाला धरून आहे की नाही हे जुन्या निकालांवरूनच कळू शकते. त्यांना ते पटले असावे. ते म्हणाले, की आकडे त्यांच्यापाशी नाहीत, विक्रीचा हिशेब ठेवणाऱ्या सेल्स ऑपरेशन्स विभागाकडे असतात, आणि लेखी प्रश्न पाठवले तर ते पुढे पाठवतील.

त्याच संध्याकाळी मी मेल पाठवली. तिचा मुख्य भाग येथे देते, कारण शब्द निवडायला मला बराच वेळ लागला होता.

"आजच्या संभाषणाबद्दल आभार. या पदाचा ४० टक्के भाग व्हेरिएबल असल्याने निर्णय घेण्यापूर्वी पुढील माहिती मिळाल्यास मला मदत होईल. मागील वर्षी या पदावर, रुजू होऊन किमान सहा महिने झालेल्या, किती व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी किती जणांनी १०० टक्के टार्गेट पूर्ण केले? टार्गेटपूर्ती आणि प्रत्यक्ष मिळालेला व्हेरिएबल यांचे प्रमाण कोणत्या कोष्टकाने ठरते? वर्षाच्या मध्येच सोडून गेलेल्या व्यक्ती या आकड्यांत धरल्या आहेत का? मला कोणाचेही नाव किंवा वैयक्तिक वेतन नको आहे. फक्त टक्केवारी पुरेशी आहे."

शेवटचे वाक्य मी मुद्दाम घातले. टीम लहान असेल तर आकड्यावरून माणूस ओळखता येतो, आणि सहकाऱ्यांची कमाई उघड होऊ नये ही कंपनीची काळजी रास्त असते. नावे नकोत असे आपणच आधी लिहिले, की 'गोपनीय आहे' एवढ्यावर विषय संपवणे अवघड होते.

त्यानंतर सहा दिवस काही आले नाही. हे दिवस मला जड गेले. जास्त विचारले का, त्यांनी माझे नाव बाजूला ठेवले का, असे विचार येत राहिले, आणि दोन वेळा तर 'उत्तर नसले तरी चालेल' अशी मेल मी लिहायला घेतली होती. ती पाठवली नाही हे बरे झाले. ११ फेब्रुवारीला दोन ओळींचे स्मरणपत्र पाठवले आणि १२ तारखेला उत्तर आले. त्यात एकच आकडा होता: मागील वर्षी टीमची सरासरी टार्गेटपूर्ती ९७ टक्के होती.

वाचून पहिल्यांदा हायसे वाटले. ९७ टक्के म्हणजे जवळजवळ पूर्ण, असेच कोणालाही वाटेल. पण मी तीन गोष्टी विचारल्या होत्या आणि उत्तर चौथ्याच गोष्टीचे आले होते. विक्रीच्या टीममध्ये एकाच मोठ्या ग्राहकामुळे एखाद्याची टार्गेटपूर्ती दुप्पट होऊ शकते, आणि तेवढ्या एका माणसाच्या बळावर सरासरी वर जाते. १४ फेब्रुवारीला मी रिक्रूटरना फोन करून आभार मानले आणि म्हटले, की सरासरीबरोबर 'आठपैकी पाच' किंवा 'दहापैकी तीन' अशा प्रकारचे मोजमाप मिळेल का. ते मोकळेपणाने म्हणाले, "हे मला सांगायची परवानगी नाही, पण सेल्स मॅनेजरना विचारा. ते सांगतील, त्यांना असे प्रश्न आवडतात." रिक्रूटर टाळत असतीलच असे नाही. त्यांना जे सांगण्याची मुभा असते तेवढेच ते सांगतात, आणि पुढचे दार कोणते हे दाखवतात. मी त्यांनाच विनंती केली, की मॅनेजरबरोबरच्या मुलाखतीच्या निमंत्रणात 'व्हेरिएबल योजनेची माहिती' हा विषय लिहून ठेवावा.

१९ फेब्रुवारीच्या त्या मुलाखतीसाठी मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. मॅनेजरनी प्रश्न ऐकल्यावर काहीही आढेवेढे न घेता सांगितले, की टीममध्ये आठ जण आहेत आणि नावे न घेता ते आकडे वाचून दाखवतील. मी एका पाठकोऱ्या कागदावर ते उतरवून घेतले: २१२, १३१, १०४, ८८, ७६, ६९, ५२, ४४. तो कागद अजून माझ्याकडे आहे. बेरीज ७७६, भागिले ८, म्हणजे ९७. रिक्रूटरनी दिलेला आकडा अगदी खरा होता. मात्र आठांपैकी टार्गेट पूर्ण करणारे तिघेच होते, आणि मधले दोघे ८८ आणि ७६ वर होते, म्हणजे मधल्या माणसाची टार्गेटपूर्ती ८२ टक्क्यांच्या आसपास होती.

मग मी कोष्टकाबद्दल विचारले, आणि मला वाटते संपूर्ण चौकशीतला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच होता. टार्गेट ८२ टक्के पूर्ण केले म्हणजे व्हेरिएबलही ८२ टक्के मिळेल, असे आपण नकळत धरून चालतो. येथे तसे नव्हते. ७० टक्क्यांखाली काहीच मिळत नव्हते. ७० ते १०० या टप्प्यात, शंभरला जितके टक्के कमी पडतील त्याच्या दुप्पट टक्के व्हेरिएबलमधून कापले जात होते. शंभरच्या वर प्रत्येक टक्क्याला दीड टक्का मिळत होता, आणि पेआउटला २०० टक्क्यांची मर्यादा होती. हे कोष्टक कागदावरच्या आकड्यांना लावले, की चित्र बदलते. ८८ टक्के गाठणाऱ्याला १२ कमी पडले, म्हणून २४ कापून ७६ टक्के रक्कम मिळाली. ७६ टक्केवाल्याला ५२ टक्के मिळाली. ६९ टक्के गाठणारा एका टक्क्याने चुकला आणि त्याला शून्य मिळाले. त्याच्याखालच्या दोघांनाही शून्य. आठही जणांच्या पेआउटची सरासरी काढली तर ती ७३ टक्क्यांच्या आत येते, आणि मधल्या माणसाचे पेआउट ६४ टक्के. टार्गेटपूर्तीची सरासरी ९७ आणि मधले पेआउट ६४ ही दोन्ही विधाने एकाच टीमबद्दल एकाच वर्षी खरी होती. म्हणून 'टार्गेट किती पूर्ण झाले' आणि 'पैसे किती मिळाले' हे दोन प्रश्न वेगळे विचारावेत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याचे म्हणून स्वीकारू नये.

६४ टक्क्यांनी माझा हिशेब केला, तर ४० भागांचे २५.६ भाग होतात आणि ६० मिळवून एकूण ८५.६. माझ्या तेव्हाच्या ८० पेक्षा जास्त, पण १०० पासून बरेच दूर.

हा हिशेब वर्षाच्या एकत्रित आकड्यांवर होता आणि पैसे तर तिमाहीला मिळणार होते, म्हणून मोजणी प्रत्येक तिमाहीची वेगळी की वर्षारंभापासून एकत्र, हेही मी विचारले. स्वतंत्र मोजणी असेल तर एका तिमाहीत ४० आणि पुढच्या तिमाहीत १२० टक्के करणाऱ्याची पहिली तिमाही कायमची बुडते. येथे मोजणी एकत्र होती, मागच्या तिमाहीची तूट पुढे भरून निघत होती.

सोडून गेलेल्यांचा प्रश्न मी मेलमध्ये विचारला होता, पण त्याचे उत्तर कोणी दिले नव्हते. मी तो पुन्हा विचारला. मॅनेजर म्हणाले, की मागील वर्षी दोघे मध्येच गेले, त्यांची टार्गेटपूर्ती जाईपर्यंत ४१ आणि ३६ टक्के होती आणि ते आठांच्या यादीत नाहीत. यात लपवाछपवी नव्हती. सध्या असलेल्या टीमचा अहवाल काढला, की गेलेली माणसे आपोआप गळतात. पण ज्यांना पैसे मिळत नाहीत तीच माणसे बहुधा सोडून जातात, त्यामुळे उरलेल्यांची सरासरी चांगली दिसते. त्या दोघांना धरले तर दहापैकी तिघांनी टार्गेट पूर्ण केले होते आणि पाच जणांना व्हेरिएबलचा एक पैसाही मिळाला नव्हता.

आणि मग मला विचारावेसे वाटले, की मला जी टेरिटरी, म्हणजे विक्रीसाठी नेमून दिलेला विभाग, मिळणार आहे ती आधी कोणाची होती. हा प्रश्न माझ्या तयारीत नव्हता, समोरच्या कागदाकडे पाहताना सुचला. ती त्या दोघांपैकीच एकाची होती. तो गेल्यावर इतर सहकाऱ्यांनी ती सांभाळली, तरी वर्षअखेर तेथील विक्री टार्गेटच्या ५८ टक्केच झाली होती. त्याआधीच्या वर्षी वेगळ्याच माणसाकडे ती होती आणि पूर्ती ६३ टक्के होती. दोन वर्षे, वेगवेगळी माणसे, आणि निकाल जवळपास सारखा, म्हणजे अडचण माणसांत नसून टार्गेटमध्ये असण्याची शक्यता जास्त. २१२ टक्के गाठणाऱ्याकडे एक मोठा जुना ग्राहक होता आणि तो त्याच्याकडेच राहणार होता. टीमचा इतिहास कितीही चांगला असला, तरी आपल्याला टीम मिळत नाही, एक टेरिटरी मिळते.

मॅनेजरनी स्वतःहून सांगितले, की हे लक्षात आल्याने या वर्षी त्या टेरिटरीचे टार्गेट एक चतुर्थांशाने कमी केले आहे. मी तेथेच हिशेब केला नाही, घरी आल्यावर केला. जुने टार्गेट १०० धरले तर विक्री ५८ झाली होती. नवे टार्गेट ७५. तेवढीच विक्री मी केली तर ५८ भागिले ७५, म्हणजे सुमारे ७७ टक्के. शंभरला २३ कमी, म्हणून ४६ कापून व्हेरिएबल ५४ टक्के. ४० भागांचे २१.६, आणि एकूण वेतन ८१.६ भाग. शिवाय ७० टक्क्यांची रेषा फक्त सात टक्के खाली, आणि ती चुकली तर वर्षभर ६० भागांवर राहण्याची तयारी हवी. फोनवर ऐकलेल्या १०० चे सोळा दिवसांच्या चौकशीनंतर ८१.६ झाले होते. मला राग आला नाही. कोणी खोटे बोलले नव्हते. मला पहिल्यांदाच खरा आकडा ठाऊक होता, आणि त्यावर बोलणी करता येणार होती.

२४ फेब्रुवारीला ऑफर लेटर आले. उत्तरासाठी सात दिवस, म्हणजे ३ मार्चपर्यंतची मुदत होती. लेटरमध्ये व्हेरिएबलबद्दल एकच वाक्य होते: रक्कम 'कंपनीच्या योजनेनुसार' दिली जाईल. ती योजना जोडलेली नव्हती. मी त्याच दिवशी रिक्रूटरना लिहिले, की योजनेचा दस्तऐवज वाचल्याशिवाय मला सही करता येणार नाही, आणि तो मिळायला उशीर होणार असेल तर मुदत तेवढीच वाढवावी. २६ तारखेला नऊ पानांचा दस्तऐवज आला.

तो वाचताना तीन कलमांपाशी मी थांबले. पैसे तिमाही संपल्यानंतर ४५ दिवसांनी मिळणार होते, आणि त्या दिवशी नोकरीत असणे आवश्यक होते. म्हणजे तिमाही पूर्ण काम करून नंतर महिन्याभरात नोकरी सोडली तर त्या तिमाहीची रक्कम जाते. दुसरे, विक्री बिल काढल्यावर मोजली जाणार होती, पण ग्राहकाने ९० दिवसांत पैसे न दिल्यास दिलेली रक्कम पुढच्या पेआउटमधून वळती होणार होती. तिसरे, योजना आणि टार्गेट केव्हाही बदलण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला होता. हे शेवटचे कलम अशा योजनांत सर्रास असते आणि माझ्या सांगण्यावरून कोणी ते काढणार नव्हते. ते किती वेळा वापरले गेले, एवढे मात्र विचारता येते. मी विचारले. मागील वर्षी तिसऱ्या तिमाहीत दोघांची टार्गेट वाढवली होती, दोघांकडे नवे मोठे ग्राहक दिल्यामुळे, असे उत्तर दुसऱ्या दिवशी लेखी आले.

३ मार्चला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, मी रिक्रूटरना फोन केला. मी माझा हिशेब जसाच्या तसा सांगितला: या टेरिटरीचा दोन वर्षांचा निकाल, नवे टार्गेट, ७७ टक्के, ५४ टक्के. मग दोन पर्याय मांडले. एक, निश्चित आणि व्हेरिएबल यांचे प्रमाण ६० आणि ४० ऐवजी ७० आणि ३० करावे. दोन, पहिल्या दोन तिमाह्यांचा व्हेरिएबल हमीने द्यावा, कारण टेरिटरी काही महिने कोणाच्याच पूर्ण वेळ हातात नव्हती आणि चालू व्यवहार फार थोडे उरले होते. ते म्हणाले, की प्रमाण सर्वांना सारखे असल्याने ते बदलणार नाही, पण हमीबद्दल ते विचारतील. मी एवढे जोडले, की हमीची रक्कम नंतरच्या कमाईतून परत वळती केली जाणार नाही, असा शब्द लेटरमध्ये असावा. हमी दोन तऱ्हेची असते, आणि परत करावी लागणारी हमी ही पुढच्या कमाईवरची उचल असते. नुसते 'हमी' लिहिलेले असेल तर कोणती, हे नंतर ठरवताना नेहमी आपण अडचणीत असतो.

६ मार्चला दुरुस्त ऑफर लेटर आले. पहिल्या तिमाहीचा व्हेरिएबल १०० टक्के आणि दुसऱ्या तिमाहीचा किमान ७५ टक्के, दोन्ही परत वळती न करता. नवा हिशेब असा झाला: १०, मग ७.५, आणि पुढच्या दोन तिमाह्यांचे ५४ टक्क्यांनी १०.८, बेरीज २८.३. निश्चित ६० मिळवून पहिल्या वर्षाचे ८८.३ भाग. हे मला मान्य होते. ७ मार्चला सही केली आणि १ एप्रिलला रुजू झाले. या काळात दुसऱ्या एका ठिकाणची बोलणी माझ्याकडून लांबल्याने सुटली, ती या चौकशीची किंमत होती.

पहिल्या तिमाहीत माझी टार्गेटपूर्ती ३१ टक्के झाली. चालू व्यवहार नसताना त्याहून फार जास्त होणार नव्हती. १४ ऑगस्टला पेआउटची स्लिप आली आणि व्हेरिएबलच्या रकान्यात शून्य होते. पोटात गोळा आला. कोष्टकाप्रमाणे ३१ टक्क्यांना शून्यच येते, आणि हमीची नोंद प्रणालीत कोणी केलेलीच नव्हती. मी पगार विभागाला ६ मार्चचे लेटर जोडून मेल केली, हमीचे वाक्य त्यात जसेच्या तसे उतरवले आणि रिक्रूटरनाही प्रत पाठवली. त्यांनी तासाभरात उत्तर दिले, की हे त्यांच्याच हातून मंजूर झाले आहे. पगार विभागाने सेल्स ऑपरेशन्सकडून लेखी दुजोरा मागवला, त्यात एक आठवडा गेला, आणि २३ ऑगस्टला पूर्ण १० भाग खात्यात जमा झाले.

दुसऱ्या तिमाहीत मी ७३ टक्के केले, पण एकत्र मोजणीत ३१ आणि ७३ मिळून ५२ टक्केच होत होते, म्हणजे कोष्टकाने पुन्हा शून्य. या वेळी मी तिमाही संपल्याबरोबर, १ ऑक्टोबरलाच, पगार विभागाला लेटरची प्रत पाठवून दुसऱ्या तिमाहीची हमी नोंदली आहे का असे विचारले. ती नोंदली नव्हती. त्यांनी नोंदवली, आणि १४ नोव्हेंबरच्या स्लिपमध्ये साडेसात भाग होते.